आधी पान 11 पाहा

प्रस्तावासोबत जाणारं पत्र मी पहिल्यांदा टाइप केलं ते गोदरेजच्या मराठी टंकयंत्रावर, जिल्ह्याच्या गावी एका सरकारी कार्यालयात. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. डावीकडे जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक, मध्ये विषय, त्याखाली संदर्भ आणि मग ठरलेलं वाक्य: ‘उपरोक्त विषयास अनुसरून प्रस्ताव सोबत जोडून पुढील उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर.’ खाली सही, सहीखाली ‘सहपत्रे: वरीलप्रमाणे’. स्थळप्रत फाइलला लागायची आणि मूळ पत्र प्रस्तावाच्या गठ्ठ्यावर टाचणीनं. पन्नास प्रस्ताव गेले तर पन्नासांवर हेच पत्र असायचं, फक्त गावाचं नाव बदलायचं.

त्या पत्रातून वाचणाऱ्याला काहीच कळत नसे, आणि तरीही काम अडत नसे. ते का अडत नव्हतं, हे मला उशिरा समजलं. पलीकडच्या कार्यालयात आमचा गठ्ठा पोचला की तो थेट साहेबांपुढे जात नसे. तो कार्यासनावरच्या लिपिकाकडे जायचा. लिपिक तो वाचून त्यावर टिपणी लिहायचा: प्रस्ताव कशाचा, मागणी किती, नियम कोणता, कागद कोणते पुरे आणि कोणते अपुरे. महत्त्वाच्या पानाला तो पताका लावायचा, म्हणजे रंगीत कागदाची छोटी पट्टी, आणि टिपणीत लिहायचा, ‘कृपया पताका अ पाहावी.’ साहेब टिपणी वाचत, पताका असेल तेवढं पान उलटत आणि सही करत. सगळा गठ्ठा वाचणारा माणूस त्या अख्ख्या इमारतीत एकच असे, तो लिपिक. आधी काय पाहायचं, हे तोच ठरवायचा.

पुढे त्या नोकरीतून मी बाहेर पडले, काही वर्षं एका ठेकेदाराच्या कचेरीत काढली आणि मग पाण्याचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आले, ती आजपर्यंत. कागदाची जागा फॅक्सनं घेतली, फॅक्सची ई-मेलनं. फॅक्सच्या वेळी वर एक पान जायचं, त्यावर ‘एकूण पाने’ एवढीच कामाची गोष्ट असायची. मेल आला आणि आम्ही सगळ्यांनी जुनंच वाक्य नव्या खिडकीत टाइप करायला घेतलं: ‘सोबत प्रस्ताव जोडला आहे, कृपया पाहावा.’ पण आता पलीकडे टिपणी लिहिणारा कोणी उरला नव्हता. हा बदल फार थोड्यांच्या लक्षात आला आणि आजही येत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीचं उदाहरण घ्या, कारण आमच्यासारख्या संस्थांचे प्रस्ताव आता बहुतेक तिकडेच जातात. कंपनी कायदा 2013 मधलं कलम 135 लागू झालं 1 एप्रिल 2014 पासून. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. कोणतं काम चालेल, हे त्या कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये दिलेलं आहे. कंपनीत बहुधा या विषयाची एक समिती असते, ती शिफारस करते आणि शेवटी संचालक मंडळ मान्यता देतं. आपला मेल मात्र यांच्यापैकी कोणाकडेच जात नाही. तो जातो त्या विभागात काम करणाऱ्या एका अधिकाऱ्याकडे, आणि बऱ्याचदा तो सगळा विभाग म्हणजे तो एकच माणूस असतो. त्याच्याकडे शिक्षणाचे, आरोग्याचे, झाडं लावण्याचे असे कितीतरी प्रस्ताव पडलेले असतात. समितीची बैठक वर्षातून मोजक्या वेळा होते आणि तिथे एकेका प्रस्तावाला काही मिनिटं मिळतात. ज्यांच्या हातात निर्णय असतो त्यांनी आपलं पान बहुधा पाहिलेलंच नसतं. त्यांना ऐकू येतं ते त्या अधिकाऱ्यानं तिथे बोललेलं, आणि बैठकीच्या आदल्या दिवशी त्यानं पुढे पाठवलेला मेल.

म्हणजे आपण लिहिलेला मेल दोनदा वाचला जातो. आधी तो अधिकारी वाचतो, मग त्यानं पुढे पाठवला तर आपल्याला कधी न भेटणारी माणसं वाचतात. हे ध्यानात घेतलं की मेल कसा लिहायचा ते आपोआप बदलतं. मी तो पोचेचं पत्र म्हणून लिहायचं सोडून दिलं. कार्यासनावरचा लिपिक जी टिपणी लिहायचा, तीच आता मेलमध्ये लिहिते, पताकांसकट.

काही वर्षांपूर्वीचं एक काम सांगते. आमच्या तालुक्यात एका छोट्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे चार जुने बंधारे आहेत. ज्यांनी हा बंधारा पाहिला नसेल त्यांच्यासाठी: नदीच्या पात्रात आडवे दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात, दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. खांबांना खाचा असतात. पावसाळा संपत आला की या खाचांमधून एकावर एक प्लेटा सोडून गाळे बंद करतात आणि मागे पाणी साठतं. पूर्वी लाकडी बरगे असत, दोन ओळींत बसवून मध्ये चिकणमाती ठासायचे. आता लोखंडी प्लेटा असतात, साधारण दोन मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच, कडेनं रबराची पट्टी. पावसाळ्याआधी त्या काढून ठेवाव्याच लागतात, नाहीतर पुराचं पाणी बंधाऱ्याच्या कडेनं काठाची माती कापून नवी वाट काढतं आणि बंधारा कोरडा उभा राहतो.

आमच्या चारही बंधाऱ्यांचं बांधकाम बऱ्यापैकी शाबूत होतं. चारही मिळून गाळे 48, दर गाळ्याला पाच प्लेटा, म्हणजे 240 हव्यात. आम्ही मोजल्या तेव्हा वापरण्याजोग्या निघाल्या 96. बाकीच्या काही गंजून चाळण झालेल्या, काही काठावर उघड्यावर ठेवलेल्या असताना चोरीला गेलेल्या. दर ऑक्टोबरात गावकरी खालचे दोन-तीन थर बसवायचे, भोकांना गोणपाट आणि माती लावायचे आणि डिसेंबर उजाडेपर्यंत पाणी निघून जायचं. हरभरा आणि गव्हाला जेव्हा पाण्याची खरी गरज, तेव्हा नदीत दगड दिसायचे.

प्रस्ताव साधा होता: 144 नव्या प्लेटा, खांबांच्या खाचांची आणि खालच्या तळाची दुरुस्ती, दोन वर्षं देखरेख. एक प्लेट रबरासकट साडेसात हजारांना पडत होती, म्हणजे प्लेटांचे 10 लाख 80 हजार. दुरुस्ती 6 लाख 20 हजार. देखरेख आणि मोजमाप 3 लाख. एकूण 20 लाख, त्यातले दोन लाख गावांचे, श्रम आणि प्लेटा ठेवायच्या खोल्यांच्या रूपानं. कंपनीकडे मागायचे 18 लाख. कंपनीचा कारखाना आमच्याच तालुक्यात होता. कायद्यातही आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं म्हटलेलं आहे, त्यामुळे आशा धरायला जागा होती.

प्रस्ताव तयार झाला, आणि आमच्या तरुण सहकाऱ्यानं सोबतचा मेल लिहून मला दाखवला. तो असा होता: ‘आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा करतो. आमची संस्था गेली अनेक वर्षे ग्रामीण भागात शाश्वत विकासाचे कार्य करीत आहे. आपल्या नामांकित कंपनीच्या सहकार्याने जलसंधारणाचे कार्य करण्याची आमची इच्छा आहे. सोबत सविस्तर प्रस्ताव जोडला आहे. तरी कृपया अवलोकन करून सकारात्मक विचार व्हावा ही नम्र विनंती.’ विषयाच्या जागी लिहिलं होतं ‘प्रस्तावाबाबत’.

मुलगा मेहनती आणि नम्र. या मेलमध्ये असभ्य किंवा चुकीचं असं एकही वाक्य नाही. पण हा मेल फोनवर कसा दिसेल, ते मी त्याला दाखवलं. मेलच्या यादीत पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराची पहिली ओळ एवढंच दिसतं. म्हणजे ‘प्रस्तावाबाबत’ आणि ‘आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. आपण कुशल’. त्या दिवशी त्या अधिकारीबाईंकडे असे आणखी मेल आले असतील, आणि यादीत त्यांचं आणि आमचं रूप सारखंच दिसणार. मेल उघडला तरी आत ना गावाचं नाव, ना रक्कम, ना तारीख. प्रस्ताव 34 पानांचा, त्यातली पहिली पाच पानं संस्थेचा इतिहास. बाईंना बंधारा सापडेपर्यंत पान सहा उजाडणार.

मी त्याला विचारलं, ‘मॅडमकडे दोनच मिनिटं आहेत असं समज. प्रस्तावातलं एकच पान दाखवता येईल, तर कुठलं दाखवशील?’

तो क्षणभरही थांबला नाही. ‘ताई, प्लेटांचा तक्ता.’

तो तक्ता म्हणजे चार ओळींचा कागद. बंधाऱ्याचं नाव, गाळे, हव्या असलेल्या प्लेटा, चांगल्या प्लेटा, कमी पडणाऱ्या प्लेटा आणि शेजारी प्रत्येक बंधाऱ्याचा जानेवारीतला फोटो. तो पाहिला की सगळं प्रकरण समजतं: बंधारे बांधून झालेले आहेत, सरकारचा मोठा खर्च केव्हाच झालेला आहे, फक्त दारं नाहीत. पण हा तक्ता होता परिशिष्ट 4 मध्ये, पान 31 वर. मेलमध्ये ‘आधी पान 31 पाहावे’ असं लिहायला घेतलं तेव्हा ते डोळ्यांना खुपलं. सगळ्यात आधी पाहायची गोष्ट सगळ्यात मागे का? मग आम्ही प्रस्तावच हलवला. तक्ता पुढे आणला, संस्थेचा इतिहास मागे टाकला. सोबतचा मेल नीट लिहायला बसलं की प्रस्तावाची मांडणी कुठे चुकली आहे ते असं उघडं पडतं. म्हणून मी हल्ली त्याचा कच्चा मसुदा प्रस्ताव पुरा व्हायच्या आधीच करून ठेवते.

शेवटी जो मेल गेला तो इंग्रजीत होता. त्याचा मजकूर मराठीत साधारण असा:

‘विषय: चार जुन्या बंधाऱ्यांना प्लेटा, 18 लाख रुपये, निर्णय 31 ऑगस्टपूर्वी हवा

नमस्कार मॅडम,

आपल्या कारखान्याच्या तालुक्यातील चार कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना प्लेटा बसवण्यासाठी 18 लाख रुपयांचा प्रस्ताव सोबत आहे. बंधारे उभे आहेत. 240 पैकी 144 प्लेटा नाहीत किंवा निकामी आहेत, म्हणून पाणी थांबत नाही. काम अनुसूची 7 मधील बाब 4 (नैसर्गिक साधनांचे जतन) खाली येते.

वेळ कमी असेल तर आधी पान 11 पाहावे. बंधारानिहाय प्लेटांचा तक्ता आणि फोटो तिथे आहेत.

त्यानंतर पान 19. आधीच्या प्लेटांपैकी काही चोरीला गेल्या होत्या, त्यामुळे नव्या कोण सांभाळणार हा प्रश्न येईल. चारही ग्रामपंचायतींनी कुलूपबंद खोली देण्याचे ठराव केले आहेत, ते तिथे जोडले आहेत.

पान 23 वरील पाणीसाठ्याचा आकडा सरकारी नोंदीपेक्षा कमी आहे. नोंदीत 210 सहस्र घनमीटर आहे. पात्रात गाळ साचल्यामुळे प्रत्यक्ष मोजणीत 150 भरले, म्हणजे 15 कोटी लिटर. आम्ही तोच आकडा धरला आहे.

प्लेटा ऑक्टोबरच्या मध्यास बसाव्या लागतात. करार आणि पहिल्या हप्त्याला दोन आठवडे, प्लेटा बनवायला चार आठवडे, म्हणून 31 ऑगस्ट. त्यानंतर निर्णय झाल्यास या वर्षीचे पाणी अडणार नाही, काम पुढील वर्षी करावे लागेल.

तीन बंधाऱ्यांची ना हरकत पत्रे जोडली आहेत. चौथे अद्याप मिळालेले नाही. ते मिळेपर्यंत त्या बंधाऱ्याचा निधी मागणार नाही.’

खाली नाव, फोन, आणि जोडलेल्या दोन फाइलींची नावं.

या मेलवर आमच्याकडे बराच वाद झाला. वाद चोरीच्या वाक्यावर होता. आमच्या कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं होतं की आपलं दुखणं आपणच पहिल्या पानावर का मांडायचं? प्रस्तावात आत कुठेतरी लिहिलेलं आहे, तेवढं पुरे. त्यांचा मुद्दा मला समजतो, पण मला तो आजही पटत नाही. चोरीचा प्रश्न समितीत निघणारच होता. कारखान्याच्या माणसांना लोखंडाचा भाव ठाऊक असतो, उघड्यावरच्या लोखंडाचं काय होतं हेही ठाऊक असतं. तो प्रश्न निघेल तेव्हा मी त्या खोलीत नसणार. उत्तर द्यायची जबाबदारी त्या अधिकारीबाईंवर येणार. त्यांच्या हातात पान 19 असेल तर त्या उत्तर देतील. नसेल तर त्या ‘संस्थेला विचारून सांगते’ म्हणतील आणि विषय पुढच्या बैठकीवर जाईल, म्हणजे ऑक्टोबर हातचा जाईल. आपली बाजू मांडणाऱ्या माणसाला अवघड प्रश्नासमोर रिकाम्या हातानं उभं करणं मला योग्य वाटत नाही.

तोच विचार 150 च्या आकड्यामागे होता. 210 लिहिलं असतं तर दर लिटरमागचा खर्च कमी दिसला असता, आणि नोंद सरकारी असल्यामुळे कोणी खोटं म्हटलं नसतं. पण गाळ प्रत्यक्षात होता, आणि पहिल्याच जानेवारीत मोजमाप झाल्यावर फरक दिसलाच असता. नोंदीतला आणि आपला आकडा वेगळा असेल तर तो फरक वाचणाऱ्याला आपणच आधी दाखवावा. नाहीतर तो त्याला स्वतःला सापडतो, आणि मग तो बाकीचे आकडेही संशयानं पाहू लागतो.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी, कारण ती मी ठेकेदाराच्या कचेरीत शिकले. वर सांगितलेलं सगळं प्रस्तावाचं आहे, निविदेचं नाही. दोन लिफाफ्यांच्या निविदेत पहिल्या लिफाफ्यात तांत्रिक कागद असतात आणि दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा पुरा तपासून झाल्याशिवाय दुसरा उघडत नाहीत. आमच्या मालकांनी एकदा पहिल्या लिफाफ्यातल्या पत्रात चांगल्या हेतूनं एक ओळ घातली, की काम मिळाल्यास दरात दोन टक्के सूट देऊ. निविदा बाद झाली, दुसरा लिफाफा न उघडता परत आला. त्यात अन्याय काही नव्हता. दराचा कुठलाही उल्लेख पहिल्या लिफाफ्यात आला की स्पर्धा बिघडते, आणि पत्रातली अट ही निविदेचीच अट धरली जाते. तिथे पत्र कोरडं, ठरलेल्या नमुन्यातलं आणि अक्षरशः दिलेल्या मजकुराचंच असावं. हल्ली निविदा संगणकावरून भरतात, दराचा तक्ता वेगळा चढवतात, पण तत्त्व तेच आहे. प्रस्तावाच्या मेलमध्ये रक्कम पहिल्या ओळीत यावी, निविदेच्या पत्रात ती अजिबात येऊ नये.

आता पानांच्या क्रमांकाबद्दल. ही बाब क्षुल्लक दिसते, पण मेलमधली पताका जर चुकीच्या पानाला लागली तर मेल नसलेला बरा. प्रस्तावात मुखपृष्ठ असतं, मग अनुक्रमणिका, मग कधी कधी संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र. छापील क्रमांक त्यानंतर सुरू होतात. म्हणजे कागदावर खाली ‘11’ छापलेलं असतं, पण संगणकावर किंवा फोनवर तीच फाइल उघडली की वरच्या चौकटीत दिसतं 14. वाचणारी व्यक्ती त्या चौकटीत 11 टाकते आणि पोचते अध्यक्षांच्या फोटोनंतर कुठेतरी. तिथे ना तक्ता, ना बंधारा. ती पुढेमागे शोधत बसत नाही, फाइल बंद करते. याला उपाय एकच, मुखपृष्ठापासूनच क्रमांक द्यायचे, म्हणजे दोन्ही आकडे एक होतात. आणि पाठवण्याआधी ती फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडून, मेलमधलं प्रत्येक पान प्रत्यक्ष गाठून पाहायचं.

रकमेचंही तसंच. प्रस्ताव शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहतो. प्लेटचा भाव वाढतो, एक ओळ कमी होते, अंदाजपत्रकाच्या तक्त्यात बेरीज आपोआप बदलते आणि मेलमध्ये जुनाच आकडा राहून जातो. मेलमध्ये 18 लाख, प्रस्तावात 18 लाख 40 हजार, अंदाजपत्रकात तिसरंच काही. असं झालं की हिशेबाच्या माणसाच्या मनात जी शंका येते ती पुढे कितीही खुलासे केले तरी जात नाही. म्हणून कच्चा मसुदा आधी करावा, पण आकडे सगळ्यात शेवटी घालावेत, आणि ते स्मरणातून नाही तर जोडलेल्या फाइलीतून उचलावेत.

फाइलीच्या नावावरही थोडं. आमच्या संगणकावर त्या फाइलीचं नाव होतं `Final_new_corrected(2).pdf`. बाईंनी ती उतरवून घेतली असती तर त्यांच्या फोनमध्ये अशाच नावांच्या ढिगात ती हरवली असती. आम्ही नाव दिलं `4KTWeirs_Proposal_18Lakh.pdf`. शिवाय फोटो हलके केले. जीमेलवरून 25 एमबीपर्यंतच्या फाइली जातात खऱ्या, पण पलीकडच्या कंपनीची मर्यादा त्याहून कमी असू शकते, आणि तिथे मेल अडला तर ते कळायलाच दोन दिवस जातात.

मेल नीट लागू पडला की नाही, हे मी येणाऱ्या उत्तरावरून ओळखते. ‘कृपया एक पानी सारांश पाठवा’ असं उत्तर आलं तर समजावं की सारांशाचं काम मेलनं करायला हवं होतं आणि ते झालं नाही. जे प्रस्तावात आहे तेच पुन्हा विचारलं गेलं तर पताका चुकली किंवा लावलीच नव्हती. ‘प्रस्ताव मिळाला, पाहून कळवतो’ यातून काहीच कळत नाही. पण उत्तरात थेट पानाचा क्रमांक आला, तर मेल त्याच्या जागी पोचला. आम्हाला उत्तर आलं ते असं: ‘पान 19 वरच्या ठरावांपैकी तिसऱ्या गावाच्या ठरावावर तारीख दिसत नाही. तारखेसह प्रत मिळेल का?’ ठरावाची ती प्रत मूळ वहीवरून फोटो काढताना कडेला कापली गेली होती. आमचा सहकारी त्याच दुपारी गावात गेला, भाऊसाहेबांकडून ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घेतली आणि संध्याकाळी ती पाठवली. मेलच्या वरच्या भागात त्यानं त्या एका पानाचाच उल्लेख केला.

समितीची बैठक ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. नंतर कराराच्या कागदांबरोबर जी मेलची साखळी आमच्यापर्यंत आली, तिच्या तळाशी आमचाच मेल होता. त्या बाईंनी तो समितीला पुढे पाठवताना वर फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘तालुका आपलाच आहे, बांधकाम तयार आहे. देखभालीचा मुद्दा पान 19 वर आहे.’ बाकी मजकूर त्यांनी जसाच्या तसा ठेवला होता. समितीनं तीन बंधाऱ्यांची शिफारस केली, चौथा ना हरकत पत्र आल्यावर घ्यावा असं नोंदवलं. तीन बंधाऱ्यांच्या प्लेटा त्या वर्षी ऑक्टोबर संपायच्या आत बसल्या. चौथ्याचं पत्र हिवाळ्यात आलं, त्याचं काम पुढच्या वर्षी झालं. तीन बंधाऱ्यांमागे जानेवारीअखेर पाणी होतं. वरच्या बंधाऱ्याच्या दोन गाळ्यांची रबरं नीट बसली नव्हती, तिथे गळती राहिली, आणि ती आम्ही पहिल्या अहवालासोबतच्या मेलमध्ये पहिल्याच परिच्छेदात कळवली.

अलीकडे तरुण मुलंमुली संस्थांमध्ये चांगलं काम करतात, प्रस्तावही उत्तम लिहितात. आठवडाभर जागून तयार केलेला तो प्रस्ताव मग रात्री साडेअकराला ‘पीएफए’ एवढी तीन अक्षरं लिहून पाठवून देतात. त्यांना माझी विनंती आहे, की त्या रात्री पाठवू नका. सकाळी उठून फाइल फोनवर उघडा, ज्या पानामुळे तुमचं काम दुसऱ्याला पटेल ते पान शोधा, त्याचा क्रमांक दोनदा तपासा, ज्या प्रश्नाची तुम्हाला भीती वाटते त्याचं पानही शोधा, आणि ही दोन्ही पानं मेलमध्ये रक्कम आणि तारखेसह लिहून मगच पाठवा.